ताटांचा आकडा कोण ठरवणार?

ऑफिसला रोजचं जेवण पुरवायचा प्रस्ताव घेऊन येणाऱ्या छोट्या केटररच्या फाइलीत सहसा चार पानं मेनू असतो आणि एका ओळीत दर. ॲडमिनवाले पानं उलटतात, दरावर बोट ठेवतात आणि दहा रुपये कमी करायला सांगतात. शुक्रवारी निम्मं ऑफिस घरून काम करतं, त्या दिवशी उरलेल्या ताटांचे पैसे कोणी सोसायचे, याबद्दल फाइलीत अवाक्षर नसतं. पुढची भांडणं नेमकी तिथूनच सुरू होतात.

उदाहरण घेऊ. कर्वेनगरात स्वयंपाकघर आणि बाणेरला 80 माणसांचं ऑफिस. तीन पोळ्या, एक सुकी भाजी, एक रस्सा किंवा उसळ, वरण-भात, कोशिंबीर. दर 120 रुपये, वर 5 टक्के जीएसटी. एका ताटाला भाजी, किराणा, तेल, पीठ आणि पोळ्यांची मजुरी मिळून 60 रुपये लागतात, असं धरू. पोळ्या लाटणाऱ्या बाईंना नगावर पैसे मिळतात, म्हणून त्यांची मजुरी ताटाबरोबर कमी-जास्त होते. स्वयंपाक्याचा पगार, टेम्पो, वाढणारी दोन मुलं आणि गॅस मात्र ताटं कितीही असोत, लागतातच. तो खर्च रोजचा 3,800 रुपये.

आता 80 ताटं गेली तर 9,600 रुपये येतात, 8,600 खर्च होतात आणि हजार उरतात. 50 गेली तर 6,000 येतात आणि 6,800 जातात. म्हणजे आठशेचा खड्डा. हिशेब जुळतो 64 ताटांना. हा आकडा ज्याने काढलेला नाही, त्याने दर सांगूच नये.

सरळ उपाय म्हणजे रोज किमान 65 ताटांची हमी मागायची. पण आले 50 आणि बिल 65 चं, हे कंपनीच्या अकाउंट्सवाल्यांना बोचतं. त्यापेक्षा दोन दर लिहावेत: 65 किंवा जास्त ताटांना 120, त्याखाली 140. शुक्रवारी 50 ताटांचे 7,000 होतात. कंपनीला ते हमीच्या 7,800 पेक्षा स्वस्त पडतं आणि केटररच्या हातात फार नाही तरी दोनशे राहतात.

आकडा कधी कळवायचा, हेही प्रस्तावातच हवं. आदल्या संध्याकाळी सहा, ही वेळ मला रास्त वाटते, कारण पहाटे मार्केट यार्डात किती भाजी घ्यायची ते त्यावर ठरतं. मटकी तर त्याहून आधी भिजवून मोडाला बांधलेली असते. सकाळी नऊपर्यंत चार-सहा ताटं इकडेतिकडे चालतात; तेवढी कणीक आणि तेवढा भात निभावतो. नंतर नाही. कॅलेंडरही पाहून ठेवावं. श्रावणी सोमवार, संकष्टी, आषाढी एकादशी या दिवशी नेहमीची ताटं गळतात आणि साबुदाण्याची खिचडी मागितली जाते. तिचा दर वेगळा लिहावा, म्हणजे ऐन वेळी घासाघीस होत नाही.

आकडा बरोबर असूनही दीडला येणाऱ्यांना भाजी मिळत नाही, ही तक्रार मात्र बहुतेक ठिकाणी येतेच. भाताचं पातेलं अर्धं भरलेलं आणि भाजीचं खरवडलेलं दिसलं, तर समजावं की पहिल्या वीस जणांनी हाताने वाढून घेतलंय. भाजीला ठरलेल्या मापाची एकच पळी आणि ती वाढणाऱ्याच्या हातात, एवढ्याने बरंचसं निस्तरतं.

राहता राहिले पैसे. महिनाअखेरीस बिल आणि पुढे 45 दिवसांनी चेक, अशी कंपन्यांची आवड. म्हणजे एक तारखेच्या जेवणाचे पैसे अडीच महिन्यांनी. रोज सरासरी 70 ताटं धरली तर केटररचे रोज 8,000 रुपये जातात आणि पहिला चेक येईपर्यंत सव्वाचार लाखांच्या वर अडकतात. किराणावाला इतका थांबत नाही. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला 2006 च्या कायद्याचा आधार आहे: लेखी करार असला तरी 45 दिवसांपलीकडे पैसे थकवता येत नाहीत, थकले तर चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय मुदत टळली, तर कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात वजा दाखवता येत नाही. अकाउंट्सवाल्यांना हे दुसरं कारण लवकर पटतं. म्हणून उद्यम क्रमांक प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर, अन्न परवान्याच्या क्रमांकाशेजारी द्यावा आणि पंधरवड्याचं बिल, सात दिवसांत पैसे, अशी अट मागावी. मग अडकणारी रक्कम सव्वा लाखाच्या आसपास येते, आणि तेवढी उधारी किराणावाला देतो.