वादळातला वारा रडारला कसा कळतो?

हृदयाच्या तपासणीत ‘कलर डॉप्लर’ करतात, तेव्हा पडद्यावर लाल-निळे रंग दिसतात. यंत्राकडे येणारे रक्त सहसा लाल, लांब जाणारे निळे. हवामान खात्याचे डॉप्लर रडारही याच तत्त्वावर चालते. फक्त रंगांचा संकेत उलटा. तिथे लांब जाणारा वारा लाल, जवळ येणारा हिरवा किंवा निळा.

औशाला सर्वांत जवळचे रडार सोलापूरचे, सरळ रेषेत सुमारे ९० किलोमीटरवर. त्याची लहर साधारण ५.३ सेंटीमीटर लांबीची. ती पावसाच्या थेंबांवर आपटून परत येते. वाऱ्याबरोबर थेंब लांब जात असतील, तर परतलेल्या लहरीची वारंवारता किंचित घटते. ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वाऱ्यात हा फरक सेकंदाला जेमतेम ७५५ कंपनांचा, आणि मूळ लहर सेकंदाला सुमारे साडेपाचशे कोटी कंपनांची! एका स्पंदातून एवढा फरक ओळखणे जवळपास अशक्य. म्हणून रडार लागोपाठच्या स्पंदांची तुलना करते.

समजा, सेकंदाला हजार स्पंद सुटतात. दोन स्पंदांमध्ये थेंब दोन सेंटीमीटर पुढे सरकतो. जाण्यायेण्याचा मार्ग चार सेंटीमीटरने, म्हणजे सुमारे पाऊण लहरीने वाढतो. गोची इथेच आहे. घड्याळाचा काटा पाऊण फेरी पुढे गेला की पाव फेरी मागे, हे नुसते दोन वेळा पाहून सांगता येत नाही. रडार छोटा फरक खरा धरते आणि लांब पळणारा वारा जवळ येताना दाखवते. गडद लाल पट्ट्यात मधली फिकी छटा न येता एकदम गडद हिरवा डाग उमटला, की जाणकार ही चूक ओळखतात.

मग स्पंद दुप्पट वेगाने का सोडू नयेत? तसे केले, तर ७५ किलोमीटरपलीकडचा प्रतिध्वनी पुढचा स्पंद सुटल्यावर पोहोचतो आणि औशावरचे वादळ सोलापूरपासून १५ किलोमीटरवर असल्यासारखे दिसते! त्यामुळे दोन वेगवेगळ्या गतींनी आलटून-पालटून स्पंद सोडून उत्तरे ताडून पाहतात.

तरीही एक उणीव राहतेच. रडारला फक्त स्वतःच्या दिशेने येणारा किंवा लांब जाणारा वेग कळतो. औसा सोलापूरच्या ईशान्येला आहे. तिथे वायव्येकडून आग्नेयेकडे सोसाट्याचा वारा सुटला, तर तो रडारच्या नजरेला आडवा पडतो आणि वेग शून्याजवळ दिसतो. शिवाय पृथ्वीच्या गोलाईमुळे, अर्ध्या अंशाने वर रोखलेला झोत औशावर येईतो जमिनीपासून सव्वा किलोमीटर उंच गेलेला असतो. गोठ्यावरचे पत्रे उडवणारा, ढगातून खाली कोसळून जमिनीलगत पसरणारा वारा त्याच्या खालूनच निघून जातो.

हैदराबादच्या रडारसाठी औसा सव्वादोनशे किलोमीटरवर आहे. तिथून तसाच रोखलेला झोत इथे पाच किलोमीटर उंचीवरून जातो.