ॲपवरचं सोनं आणि सराफाचा भाव: मावशीला पत्र

प्रिय मावशी,
सा. न.

काल फोनवर तू विचारलंस, "सराफाच्या पाटीवर ग्रॅमला नऊ हजार एकशे साठ आणि मोबाइलवर दहा हजार दोनशे, मग हजार रुपये कुणाच्या खिशात जातात?" नातीसाठी थोडं थोडं सोनं साठवायचं तुझ्या मनात आहे, म्हणून सगळं नीट लिहून पाठवते. भाव रोज बदलतो, तेव्हा हिशेबासाठी तू सांगितलेलेच आकडे धरू.

पहिली गोष्ट म्हणजे, हे दोन भाव एकाच सोन्याचे नाहीत. तू पाहिलेला सराफाचा भाव २२ कॅरेटचा, म्हणजे दागिन्याच्या सोन्याचा. त्यात हजारात ९१६ भाग सोनं असतं, म्हणून हॉलमार्कवर ९१६ असं लिहिलेलं दिसतं. ॲपवर मिळतं ते २४ कॅरेटचं, जवळपास चोख. ९,१६० ला ०.९१६ ने भाग, की सराफाकडचा चोख सोन्याचा भाव निघतो: १०,००० रुपये. तुला दिसलेल्या फरकातले ८४० रुपये तर इथेच संपले.

उरले २०० रुपये. हा विकणाऱ्या कंपनीचा खर्च आणि नफा. तुझ्या नावाचं सोनं तिला तिजोरीत ठेवावं लागतं, त्याचा विमा काढावा लागतो आणि ॲपवाल्यालाही वाटा द्यावा लागतो. यात वेळेचाही परिणाम असतो. सराफाची पाटी सहसा दिवसातून एकदा-दोनदा बदलते, तर ॲपचा भाव जागतिक बाजार आणि डॉलरबरोबर दिवसभर हलतो. त्यामुळे सकाळची पाटी आणि संध्याकाळचा मोबाइल यांची तुलना करू नकोस. दोन्ही भाव एकाच वेळी बघ.

आता पडद्यावर ठळक न दिसणारा भाग. ॲपवरच्या भावावर बहुधा ३ टक्के जीएसटी वेगळा लागतो. १०,२०० वर ३०६ रुपये, म्हणजे तुझ्या खात्यातून ग्रॅमला १०,५०६ जातील. त्याच वेळी 'विका' असं लिहिलेलं बटण दाबून बघ. तिथला भाव खरेदीपेक्षा कमी असतो. तो ९,९०० आहे असं धरू. म्हणजे आज घेऊन आजच विकलंस, तर ग्रॅममागे ६०६ रुपये गेले. हा विक्रीचा भाव साधारण सहा टक्के चढेपर्यंत तुझे पैसे जेमतेम वसूल होतात. म्हणून ॲपवर नुसता खरेदीचा भाव बघू नये, दोन्ही भावांमधलं अंतर बघावं. प्रत्येक कंपनीचं ते वेगळं असतं.

सराफाच्या पाटीवरही बिलाचा पूर्ण आकडा नसतोच. दहा ग्रॅमची बांगडी घे. सोनं ९१,६०० चं, त्यावर १२ टक्के मजुरी धरली तर १०,९९२, आणि या बेरजेवर ३ टक्के जीएसटी. बिल साधारण १,०५,६७० होतं, हॉलमार्कचं किरकोळ शुल्क वेगळं. बांगडीत चोख सोनं मात्र ९.१६ ग्रॅमच. उद्या ती मोडलीस, तर मजुरी आणि कर परत मिळत नाहीत. पूर्ण सोन्याचा भाव मिळाला, तरी हाती ९१,६०० येतात. एवढ्याच पैशांत ॲपवर दहा ग्रॅमहून किंचित जास्त चोख सोनं येतं आणि लगेच विकलं तर ९९,५०० च्या आसपास मिळतात.

पण यावरून ॲप सरस ठरत नाही. बांगडी हातात घालता येते आणि मजुरी त्याच कारागिरीची असते. ॲपची खरी तुलना सराफाकडच्या २४ कॅरेटच्या नाण्याशी करावी. आपल्या हिशेबात १०,००० च्या नाण्यावर थोडी घडणावळ आणि कर धरूनही ते ॲपच्या १०,५०६ पेक्षा स्वस्त पडू शकतं. शिवाय ॲपवरचं सोनं नाण्याच्या रूपात घरी मागवलंस, तर नाणं घडवण्याचे आणि पोहोचवण्याचे पैसे पुन्हा द्यावे लागतात.

एक गोष्ट मात्र भावाहून महत्त्वाची आहे. डिजिटल सोनं आपल्या देखरेखीखाली येत नाही, असं सेबीनं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीरपणे बजावलं आहे. कंपनी अडचणीत आली, तर शेअर बाजारातल्या गुंतवणूकदाराला मिळतं तसं संरक्षण तुला तिथे मिळणार नाही. फक्त गुंतवणूकच करायची असेल, तर सोन्याचा ईटीएफ सेबीच्या नियमांखाली येतो आणि त्याची युनिट्स घेताना हा ३ टक्के जीएसटी भरावा लागत नाही. त्यासाठी डीमॅट खातं मात्र उघडावं लागेल.

तेव्हा मला असं वाटतं: नातीला पुढे दागिनाच करायचा असेल, तर सणावाराला सराफाकडून एकेक ग्रॅमचं हॉलमार्कचं नाणं घे आणि पक्कं बिल जपून ठेव. शंभर-दोनशे रुपयांची बचत करायला ॲप सोयीचं आहे, पण तिथे मोठी रक्कम साठू देऊ नकोस. पुढच्या खरेदीआधी ॲपचे दोन्ही भाव आणि सराफाचा नाण्याचा करासकट भाव एकाच वेळी लिहून मला पाठव. आपण दोघी मिळून हिशेब करू.

तुझी भाची