फील्डबुकातील सहा मिलिमीटर

तलमापनाच्या स्लाइड वर्गात दाखविताना एक स्थळ असे येते की, जेथे बॅकसाइटच्या बेरजेतून फोरसाइटची बेरीज वजा केली असता शेवटच्या व पहिल्या आर.एल.मधील फरक मिळालाच पाहिजे, हे समीकरण पडद्यावर येते, आणि ते जुळले म्हणजे मोजणी निर्दोष ठरली असा समज विद्यार्थ्यांच्या मनात तत्काळ रुजतो. तो समज पुढे कामावर महाग पडतो. म्हणून त्या स्लाइडपाशी मी थांबतो आणि आवारातच केलेल्या एका लहानशा फेरीची नोंद फळ्यावर मांडतो.

इमारतीच्या दगडी पायरीचा कोपरा हा आमचा बेंचमार्क ‘अ’, त्यास १००.००० मीटर ही गृहीत उंची दिलेली. ‘प’ हा मोरीचा माथा. ‘ब’ हा कुंपणाच्या खांबाचा चौथरा आणि ‘क’ हा टाकीच्या ओट्याचा कोपरा, हे दोन चेंज पॉइंट. लेव्हल तीन ठिकाणी लावली, प्रत्येक वेळी मागचा व पुढचा स्टाफ सुमारे साठ साठ मीटरांवर ठेवला, आणि ३६० मीटरांची फेरी पुन्हा ‘अ’वर आणून मिटविली. सर्व आकडे मीटरांत आहेत.

| बिंदू | बॅकसाइट | इंटरमीजिएट | फोरसाइट | दृष्टिरेषेची उंची | आर.एल. |
|---|---|---|---|---|---|
| अ | १.४२५ | | | १०१.४२५ | १००.००० |
| प | | १.८६० | | | ९९.५६५ |
| ब | १.२१० | | ०.९८५ | १०१.६५० | १००.४४० |
| क | ०.८७० | | १.७३५ | १००.७८५ | ९९.९१५ |
| अ | | | ०.७९१ | | ९९.९९४ |
| बेरीज | ३.५०५ | | ३.५११ | | |

रीत सरळ आहे: ज्ञात उंचीत बॅकसाइट मिळविली की दुर्बिणीच्या क्षितिजसमांतर दृष्टिरेषेची उंची येते, आणि तीतून पुढील बिंदूवरचे वाचन वजा केले की त्या बिंदूचे आर.एल. येते. चेंज पॉइंटवर मात्र एकाच ओळीत दोन वाचने पडतात, कारण फोरसाइट घेतल्यावर स्टाफ तेथेच राहतो आणि लेव्हल पुढे जाते. मधल्या काळात तो मऊ मातीत तसूभर खचला तरी पुढची सर्व उंची बिघडते. म्हणूनच चौथरा आणि ओटा निवडला.

आता बेरजांतील फरक उणे ०.००६, आणि शेवटचे आर.एल. पहिल्याहून तितकेच कमी; हिशेब जुळला. परंतु या जुळणीने नेमके काय सिद्ध झाले, ते दोन चुका मुद्दाम घालून पाहावे. ‘ब’चे आर.एल. १००.५४० असे लिहिले, तर फेरी १००.०९४ वर संपेल. वाचनांच्या बेरजा मात्र पूर्वीच्याच राहतील, आणि हिशेबाची खातरजमा ही चूक तेथल्या तेथे पकडील. याउलट ‘क’वर १.७३५ ऐवजी १.८३५ वाचले गेले, तर बेरजांतील फरक उणे ०.१०६ आणि शेवटचे आर.एल. ९९.८९४ येऊन समीकरण निर्वेधपणे जुळेल. ही चूक उघडी पाडतो तो ‘अ’ स्वतः: ज्या दगडाची उंची १००.०००, त्यावर परत येऊन वही १०६ मिलिमीटर कमी सांगते. हीच समापन-त्रुटी. समीकरण वहीची वहीशी गाठ घालते, तर समापन वहीची जमिनीशी.

सहा मिलिमीटरांची तफावत चालेल काय? साधारण बांधकामाच्या तलमापनात किलोमीटरांतील अंतराच्या वर्गमुळाची बारापट ही मिलिमीटरांतील मर्यादा मानण्याची वहिवाट आहे. वर्गमूळ अशासाठी की, वाचनांतील बारीक चुका कधी अधिक, कधी उणे पडून परस्परांस अंशतः खोडतात आणि अंतराच्या प्रमाणात वाढत नाहीत. ०.३६ चे वर्गमूळ ०.६, म्हणून मर्यादा ७.२ मिलिमीटर, आमची फेरी ग्राह्य. तीनही मांडण्या सारख्या लांबीच्या असल्याने प्रत्येकीस दोन मिलिमीटर दिले, आणि ते साठत गेल्यामुळे ‘ब’ १००.४४२, ‘क’ ९९.९१९ व ‘अ’ पुन्हा १००.००० झाला. पहिल्याच मांडणीतून पाहिलेल्या ‘प’स पहिले दोन मिलिमीटर मिळून तो ९९.५६७ ठरला. तफावत मर्यादेबाहेर असती, तर अशी वाटणी करणे म्हणजे चूक दप्तरात झाकून ठेवणे झाले असते. तेथे फेरी पुन्हा करणे भाग असते.

राहिला ‘प’. समजा १.८६० ऐवजी वहीत १.६८० पडले, मोरीचा माथा १८० मिलिमीटर वर गेला, पण इंटरमीजिएटचा रकाना ना बेरजांच्या समीकरणात येतो, ना समापनात. फेरी उत्तम मिटते आणि ज्या बिंदूसाठी बहुधा ती काढलेली असते, तोच चुकलेला राहतो. राइज-फॉलच्या पद्धतीने या ओळीची वजाबाकी तपासता येते, पण वाचन ते नव्हे. मी विद्यार्थ्यांस सांगतो की, ज्या बिंदूच्या उंचीवर काँक्रीट ओतले जाणार आहे, त्याला चेंज पॉइंट करावे, किंवा लेव्हल हलवून नव्या दृष्टिरेषेवरून त्याचे दुसरे वाचन घ्यावे आणि दोन्ही आर.एल. शेजारी शेजारी लिहून ठेवावीत.