प्रवेश रद्द केला, फी परत कशी मागाल?

दुसरीकडे प्रवेश मिळाला की पहिल्या कॉलेजात भरलेले पैसे बुडाले, असं पालक धरून चालतात. तसं धरू नका. कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत किंवा संकेतस्थळावर फी परताव्याचं धोरण असतं. ते छापून घ्या. यूजीसीच्या 2018च्या नियमावलीवर ते बेतलेलं असेल, तर सगळं प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेवरून ठरतं. तारखेनंतर 15 दिवसांच्या आत अर्ज दिला तर 80 टक्के फी परत मिळते, 16 ते 30 दिवसांत 50 टक्के, त्यानंतर काही नाही. अनामत रक्कम मात्र पूर्ण परत मिळते.

समजा, 60,000 रुपये भरले, त्यात 5,000 अनामत. अंतिम तारीख 31 जुलै. 10 ऑगस्टला अर्ज दिला तर 55,000चे 80 टक्के म्हणजे 44,000, अधिक अनामत, असे 49,000 मिळायला हवेत. तोच अर्ज 20 ऑगस्टला गेला तर 32,500च.

म्हणून तोंडी सांगून परतू नका. लेखी अर्ज द्या, त्यात धोरणातलं नेमकं कलम आणि हिशेब लिहा, पावतीची प्रत व बँक खात्याचा तपशील जोडा. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. वाद झाला तर तीच तारीख कामी येते. या नियमावलीनुसार अर्जानंतर 15 दिवसांत पैसे यायला हवेत. नाही आले तर आधी कॉलेजच्या तक्रार निवारण समितीकडे, मग यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार करा. अभियांत्रिकीसारख्या सीईटी प्रवेशांचे परतावा नियम वेगळे आहेत, ते स्वतंत्र पाहा.