चवली-पावलीपासून दोन हजारांच्या नोटेपर्यंत

एकूण नाणी इतकी, एकूण रक्कम इतकी, तर कोणतं नाणं किती? महाराष्ट्रात नववी आणि दहावीच्या ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ या प्रकरणांत हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या भेटतो. गेल्या सत्तर वर्षांत आपल्या खिशातला पैसा अनेकदा बदलला. आणे गेले, नवे पैसे आले, पैशांची नाणी दिसेनाशी झाली, नोटा बंद झाल्या, नव्या निघाल्या. या बदलांबरोबर हे गणित कसं बदललं, याचा मागोवा घेताना एक गोष्ट जाणवते: गणित सोपं होत गेलं, आणि त्या ओघात त्यातला एक मोलाचा भाग मुलांच्या नजरेआड गेला.

आण्यांच्या काळापासून सुरुवात करू. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पया. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. रक्कम लिहायची ती रुपये-आणे-पै अशा तीन घरांत. समजा, पिशवीत चवल्या आणि पावल्या मिळून 36 नाणी आहेत आणि रक्कम आहे रुपये 6-4-0. इथे पहिली चूक मांडणीतच व्हायची. 6-4-0 म्हणजे 6.4 रुपये नव्हेत. ते सहा रुपये चार आणे, म्हणजे 100 आणे. सगळं एका एककात आणल्याशिवाय समीकरणाला हात घालता येत नसे. पावकी-निमकी पाठ असलेल्या मुलाला ते जड जात नसे.

एकदा आणे झाले की तोंडी रीत अशी. सगळी 36 नाणी चवल्याच आहेत असं धरा. 72 आणे होतात. रक्कम 100 आणे आहे, म्हणजे 28 आणे कमी पडले. एक चवली काढून तिच्या जागी पावली ठेवली की नाण्यांची संख्या तीच राहते आणि रक्कम 2 आण्यांनी वाढते. 28 आणे भरून काढायला अशा 14 अदलाबदली लागतील. म्हणून पावल्या 14 आणि चवल्या 22. ताळा: 56 आणि 44 मिळून 100.

या रीतीत तीनच आकडे काम करतात: सगळी नाणी लहान धरल्यावर येणारी रक्कम, तिच्यापेक्षा खरी रक्कम किती जास्त आहे ते, आणि दोन नाण्यांच्या किमतींतला फरक. पुढच्या काळात पद्धती कितीही बदलल्या तरी हे तीन आकडे त्यांच्या पोटात राहिले.

1 एप्रिल 1957 रोजी देशात दशमान चलन सुरू झालं आणि रुपयाचे 100 नये पैसे झाले. जुनी नाणी लगेच गेली नाहीत. काही वर्षं आणे आणि नये पैसे बाजारात शेजारी शेजारी चालले. हिशोबाने एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे. पण पाव पैशाचं नाणं नव्हतं, म्हणून रूपांतराचा तक्ता पूर्ण आकड्यांत केला होता: एक आण्याला 6, दोन आण्यांना 12, तीन आण्यांना 19, चार आण्यांना 25. या तक्त्यानं आपल्या गणिताला एक विलक्षण वळण दिलं. मला या सगळ्या इतिहासातला हाच काळ सर्वांत शिकवणारा वाटतो.

वरचीच पिशवी घ्या. 100 आणे म्हणजे सव्वासहा रुपये, 625 नये पैसे. आता एखाद्यानं तक्ता पाहून चवलीला 12 आणि पावलीला 25 पैसे लावले आणि समीकरणं मांडली:

x + y = 36
12x + 25y = 625

सगळ्या चवल्या धरल्या तर 432 पैसे. कमी पडतात 193. एका अदलाबदलीत वाढतात 13. आणि 193 ला 13 नं भागलं तर 14 येऊन 11 उरतात. पावल्या चौदा नाहीत, पंधराही नाहीत. पिशवी तीच, नाणी तीच, तरी उत्तर येत नाही!

दोष तक्त्याच्या वापरात आहे. चवलीचे 12 पैसे हे काटछाट केलेले आहेत, खरे साडेबारा. एका नाण्यामागे अर्धा पैसा गळतो आणि 22 चवल्यांत मिळून 11 पैसे गळतात. भागाकारात उरलेले 11 ते हेच. साडेबारा धरून पाहा: 36 चवल्यांचे 450, कमी पडतात 175, फरक साडेबाराचा, उत्तर पुन्हा 14. म्हणजे आधी सगळ्या रकमेचे आणे करायचे आणि मग एकदाच पैशांत जायचं. नाण्यानाण्याला तक्ता लावायचा नाही. दोन चवल्या मिळून पावलीइतक्या होतात, पण तक्त्यातले दोन ‘12’ मिळून ‘25’ होत नाहीत. समीकरण रेषीय असण्यासाठी नाण्याची किंमत नगागणिक तीच राहायला हवी, ही अट इथे उघडी पडते.

‘नया’ हा शब्द 1964 मध्ये गळाला. 30 जून 2011 पासून 25 पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली. पन्नास पैशांचं नाणं कायद्यानं आजही चालतं, पण उदाहरणात आलं की मुलं रुपये आणि पैसे एकाच समीकरणात मिसळतात. आण्यांच्या काळातली एककाची चूक तेवढ्यापुरती शिल्लक आहे.

पाठ्यपुस्तकं मात्र नोटांकडे वळली. महाराष्ट्राच्या 2017 च्या नववीच्या पुस्तकात पाच आणि दहाच्या नोटांचं उदाहरण आहे. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात मीना बँकेतून 2000 रुपये काढते. नोटा 50 आणि 100 च्या, मिळून 25. तोंडी रीतीनं 25 नोटा पन्नासच्या धरल्या तर 1250, कमी पडतात 750, फरक 50. म्हणून शंभरच्या 15 आणि पन्नासच्या 10.

आपल्याकडे दहावीला हेच क्रेमरच्या पद्धतीनंही सोडवतात. पन्नासच्या नोटा x, शंभरच्या y:

D = 1 × 100 − 1 × 50 = 50
Dy = 1 × 2000 − 50 × 25 = 750
y = 750 ÷ 50 = 15

D म्हणजे दोन नोटांमधला फरक. Dy म्हणजे कमी पडलेली रक्कम. चवल्या-पावल्या मोजणारा माणूस मनात जे करत होता, तेच निश्चयकाच्या चौकटीत बसलं आहे. बरीच मुलं क्रेमरचं सूत्र पाठ करतात आणि D कशाचा आहे हे त्यांना कोणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं. एवढं एक वाक्य फळ्यावर लिहिलं तर सूत्र पाठ करावं लागणार नाही.

मग आला नोव्हेंबर 2016. 500 आणि 1000 च्या नोटा बंद झाल्या, दोन हजारांची नोट आली आणि खात्यातून आठवड्याला काढता येणाऱ्या रकमेला मर्यादा पडली. ती आधी 20,000 आणि मग 24,000 रुपये झाली. अनेकांच्या हातात दोन हजारांच्या आणि शंभरच्या नोटा पडल्या. समजा, कुणी 24,000 रुपये काढले आणि नोटा भरल्या 50. सगळ्या शंभरच्या धरल्या तर 5000, कमी पडतात 19,000, फरक 1900, म्हणून दोन हजारांच्या 10 आणि शंभरच्या 40.

आता नोटा 50 ऐवजी 49 भरल्या असत्या तर? कमी पडतात 19,100, आणि त्याला 1900 नं पूर्ण भाग जात नाही. म्हणजे या दोन नोटांत 24,000 रुपये 49 नोटांनी होऊच शकत नाहीत. मोजण्यात तरी चूक आहे, नाहीतर रकमेत तरी. 50 च्या आधीची शक्य संख्या 31 आणि नंतरची 69. मीनाच्या उदाहरणात असा पहारा नाही. तिच्या नोटा 25 ऐवजी चुकून 24 मोजल्या, तरी शंभरच्या 16 आणि पन्नासच्या 8 असं सरळ उत्तर येतं आणि चूक लपून राहते. कारण तिथे फरक 50 आहे आणि लहान नोटही 50 ची. पाच-दहाच्या नोटांचं तसंच, चवली-पावलीचंही तसंच.

तरी नोटांची संख्या एकटी पुरत नाही. दोन हजारांच्या एका नोटेच्या जागी शंभराची आली तर नोटा 50 च राहतात आणि रक्कम 1900 नं घटते. फक्त संख्या मोजणाऱ्या यंत्राला हे दिसणार नाही. म्हणूनच बँकेच्या भरणा पावतीवर कोणत्या किमतीच्या किती नोटा हा तपशील लिहायचा असतो. दोन हजारांची नोट चलनातून काढून घेण्याची घोषणा 19 मे 2023 रोजी झाली आणि 1900 च्या फरकाचं हे गणितही इतिहासजमा झालं.

तिसऱ्या प्रकारचं नाणं आलं की दोन समीकरणं पुरत नाहीत. एनसीईआरटीच्या आठवीच्या जुन्या पुस्तकात एक, दोन आणि पाच रुपयांची 160 नाणी मिळून 300 रुपये आहेत. तिथे दोनची नाणी पाचच्या तिप्पट ही जादा अट द्यावीच लागली. अशी अट नसेल तर काय होतं हे भास्कराचार्यांनी ‘बीजगणितात’ दाखवलं आहे: 3 द्रम्मांना 5 पारवे, 5 ना 7 सारस, 7 ना 9 हंस, 9 ना 3 मोर, शंभर द्रम्मांत शंभर पक्षी आणा. एकूण संख्या आणि एकूण किंमत, पण अज्ञातं चार. 5 पारवे, 56 सारस, 27 हंस, 12 मोर हे एक उत्तर, 15, 28, 45, 12 हे दुसरं, आणखीही आहेत. पक्षी अर्धा आणता येत नाही, ही न लिहिलेली अट सगळी उत्तरं ठरवते.

तीच न लिहिलेली अट आजच्या पुस्तकांतून दिसेनाशी झाली आहे, कारण तिथली उदाहरणं पूर्णांकच येतील अशी बेतलेली असतात. शिक्षकांना म्हणून एक विनंती आहे. दोन आणि पाच रुपयांची नाणी आजही प्रत्येकाच्या खिशात आहेत आणि त्यांच्यातला फरक 3 आहे. ‘दोन आणि पाचची मिळून 40 नाणी, रक्कम 137 रुपये’ हे उदाहरण द्या. पाचची 19 आणि दोनची 21 येतील. मग लगेच 40 च्या जागी 41 लिहा, रक्कम तीच ठेवा, आणि उत्तर का येत नाही ते मुलांना लिहायला सांगा.