मधला आकडा सांगणारे झाड

एखाद्या संकेतस्थळाला उत्तर द्यायला किती मिलिसेकंद लागले, याची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम घेऊ. समजा आकडे असे आले: ५२, ४७, ६०, ४७, ९५०, ५५, ४७, ५८. सरासरी निघते १६४.५. पण आठपैकी एकाचाही अनुभव त्याच्या जवळपास नाही. एकट्या ९५०ने ती फुगवली. तेच आकडे चढत्या क्रमाने लावले, तर चौथा ५२ आणि पाचवा ५५. दोहोंच्या मधला ५३.५ हा मध्यक, आणि खरे चित्र तोच दाखवतो. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्युकी यांनी १९७७च्या पुस्तकात सरकत्या मध्यकाने आकड्यांतली खडबड काढली, तीही त्याच्या याच गुणावर विसंबून.

अडचण अशी की आकडे येतच राहतात. सरासरीला जुनी बेरीज पुरते, मध्यकाला सगळा क्रम लागतो. दरवेळी लाखभर आकडे नव्याने लावत बसणे परवडत नाही.

इथे मोजणीचे झाड कामाला येते. पहिला ५२ मुळाशी बसतो. त्याहून लहान आकडा डावीकडे, मोठा उजवीकडे. ४७ पुन्हा आला की नवी जागा नाही, त्याच्याच नोडवरची मोजणी वाढते. शिवाय प्रत्येक नोड आपल्यासकट खालच्या फांद्यांत एकूण किती आकडे आहेत, हेही लिहून ठेवतो. सगळी मेख या दुसऱ्या नोंदीत आहे.

आता पाचवा आकडा शोधू. मुळाच्या डावीकडे तीन आकडे, तीनही ४७; मूळ धरून चार झाले. म्हणजे उजव्या बाजूचा पहिला हवा. तिथे ६० आहे, त्याच्या डावीकडे दोन आकडे, तेव्हा डावीकडे वळायचे. तिथल्या ५५च्या डावीकडे काही नाही. सापडला! बाकी आकड्यांकडे पाहावेही लागले नाही.

फक्त शेवटच्या हजार नोंदींचा मध्यक हवा असेल, तर आलेल्या क्रमाने एक रांगही ठेवतात. सर्वांत जुना आकडा रांगेतून निघाला की झाडात त्याच्या वाटेवरची प्रत्येक मोजणी एकने घटते.

धोका आकडे चढत्या क्रमानेच येण्याचा. मग झाडाची एकाच बाजूला लोंबणारी साखळी होते आणि शोध रखडतो. १९६२ साली सोव्हिएत संघातील अडेल्सन-वेल्स्की आणि लँडिस यांनी झाड आपोआप तोलून धरण्याची रीत मांडली. फांदी जड झाली की दोन नोड जागा बदलतात. त्या वेळी दोघांच्या एकूण मोजण्या नव्याने लिहायला विसरले, तर प्रोग्रॅम बंद पडत नाही; तो शांतपणे चुकीचा मध्यक देत राहतो. म्हणून चाचणीत प्रत्येक नोडवर डावीकडचे, स्वतःचे आणि उजवीकडचे मिळून एकूण आकडा जुळतो का, हे तपासतात.

मिलिसेकंद पूर्णांकात मोजले आणि तीस सेकंदांनंतर वाट पाहणे सोडले, तर वेगळे आकडे ३०,००१च्या वर जात नाहीत. नोंदी कोटींत गेल्या, तरी तोललेल्या झाडात मध्यकापर्यंतची वाट वीसएक पायऱ्यांचीच राहते.