१.४ रुग्ण आणि दोन शून्यं

स्कॉटलंडच्या वायव्येला स्काय-लोखॅल्श नावाचा विरळ वस्तीचा जिल्हा होता. १९७५ ते १९८० या सहा वर्षांत तिथे ओठाच्या कर्करोगाचे ९ पुरुष नोंदले गेले. अपेक्षा होती १.४ जणांची. म्हणजे देशाच्या साडेसहापट! स्कॉटलंडच्या ५६ जिल्ह्यांत याहून वरचा आकडा कुणाचाच नव्हता.

पण हे १.४ आलं कुठून? चाळीस टक्के माणूस आजारी पडतो तरी कसा?

नेहमीची सरळ रीत अशी: जिल्ह्यातल्या प्रत्येक वयोगटाचा दर काढायचा आणि तो एका ठरलेल्या लोकसंख्येला लावायचा. छोट्या जिल्ह्यात ती कोसळते. सगळे मिळून मृत्यूच ९ असतील, तर बहुतेक वयोगटांत शून्य किंवा एक पडतो, आणि एखाद्या गटातला एक मृत्यू इकडचा तिकडे झाला की त्या गटाचा दर दुप्पट तरी होतो नाहीतर नाहीसा होतो. म्हणून उलटी वाट धरायची. दर देशाचे घ्यायचे, माणसं जिल्ह्याची. समजा, पासष्टीपुढच्या पुरुषांत देशाचा दर वर्षाला लाखामागे २० आहे आणि जिल्ह्यात असे पुरुष हजार आहेत. मग सहा वर्षांत अपेक्षा ०.२ गुणिले ६, म्हणजे १.२ जणांची. प्रत्येक वयोगटाचं असंच करून बेरीज घेतली की ‘अपेक्षित’ संख्या मिळते. प्रत्यक्ष संख्येला तिने भागलं की झालं प्रमाणित मृत्यु-गुणोत्तर, एसएमआर. ही अप्रत्यक्ष रीत. जिल्ह्याकडून फक्त दोनच गोष्टी लागतात: वयवार लोकसंख्या आणि मृत्यूंची एकूण बेरीज. कोण कितव्या वर्षी गेलं, हे ठाऊक नसलं तरी चालतं! (स्कॉटलंडच्या या नोंदी मृत्यूंच्या नाहीत, नव्या रुग्णांच्या आहेत. पण गणित तेच, आणि संख्याशास्त्रज्ञ क्लेटन आणि काल्डोर यांनी १९८७ साली या आकड्यांवर लिहिताना एसएमआर हेच नाव वापरलं.)

तरणी माणसं मुंबईला आणि म्हातारी गावाकडे, अशा कोकणातल्या तालुक्याचा साधा मृत्युदर नुसत्या वयामुळेच फुगतो. अपेक्षित संख्या काढताना ते वय आधीच हिशेबात आलेलं असतं, त्यामुळे गुणोत्तर एकापेक्षा जास्त निघालं तर वयाकडे बोट दाखवता येत नाही.

मग उरतं ते नशीब. विरळ घटनांची संख्या प्वासाँच्या नियमाने हेलकावते. ९ ही नोंद ज्याच्याशी सुसंगत आहे तो खरा सरासरी आकडा साधारण ४ ते १७ मध्ये कुठेही असू शकतो. म्हणजे स्काय-लोखॅल्शचं गुणोत्तर सुमारे ३ पासून १२ पर्यंत काहीही असू शकतं. ईशान्येच्या बॅन्फ-बुकन जिल्ह्यात ३९ रुग्ण होते, अपेक्षा ८.७ ची. गुणोत्तर साडेचार, पण पट्टा ३.२ ते ६.१ एवढाच. दोन्ही जिल्ह्यांत शेती, मासेमारी आणि वनकाम करणारे जवळपास १६ टक्के होते. ओठाच्या या रोगामागे उघड्यावरच्या कामातलं ऊन असतं, तेव्हा आधिक्य खरं मानायला जागा आहे. पहिला नंबर कुणाचा, हे मात्र आकडे सांगत नाहीत.

मला खरी गंमत वाटते ती यादीच्या दुसऱ्या टोकाची. ॲनन्डेल आणि ट्वीडडेल या दोन्ही जिल्ह्यांत रुग्ण शून्य. गुणोत्तरही शून्य. नकाशावर दोघांना एकच रंग. पण ॲनन्डेलमध्ये अपेक्षा ४.२ ची होती, ट्वीडडेलमध्ये १.८ ची. शून्य नोंदीची वरची मर्यादा ३.७ असते. तिला १.८ ने भागलं तर दोनच्या वर जातं: म्हणजे ट्वीडडेलचा खरा धोका देशाच्या दुप्पट असला तरी हे शून्य पडू शकलं असतं! धोका अगदी देशाइतका असताही सहातून एकदा असं शून्य येतंच. ॲनन्डेलची मर्यादा ०.८८, म्हणजे एकाच्या खाली. तिथलं शून्य थोडं काही बोलतं. थोडंच, कारण ५६ जिल्हे एकदम पाहिले की शंभरात दीड वेळा घडणारी गोष्टही कुठेतरी दिसायचीच.

क्लेटन आणि काल्डोर यांनी यावर काढलेला उपाय असा: प्रत्येक गुणोत्तर सगळ्या जिल्ह्यांच्या सरासरीकडे ओढायचं, आणि अपेक्षित संख्या जितकी लहान तितकं जास्त ओढायचं. स्काय-लोखॅल्शचं साडेसहा मग झपाट्याने खाली येतं, बॅन्फ-बुकनचं साडेचार फारसं हलत नाही, आणि दोघांतलं अंतर जवळजवळ मिटतं.

नशीब सोडलं तरी एक पेच शिल्लक राहतो. प्रत्येक जिल्ह्याची अपेक्षा त्याच्याच वयरचनेवर बेतलेली असते. एका जिल्ह्यात जादा धोका फक्त तरुणांना असेल आणि दुसऱ्यातही अगदी तितकाच, पण तिथे तरुणच कमी असतील, तर दोन्हीकडे प्रत्येक वयातला धोका सारखा असूनही एसएमआर वेगळे येतात. प्रत्येक जिल्ह्याची तुलना देशाशी होते. एका जिल्ह्याचा एसएमआर दुसऱ्याच्या शेजारी ठेवायचा असेल, तर दोन्हींची वयरचना आधी पाहावी लागते.